पगारवाढ आणि एसीचा गॅस

परवा, २४ मार्चला, मी पगारवाढ मागितली. कानशिलं अजून गरम आहेत.

तयारी वर्षभराची होती. मी अकाउंट्समध्ये. सप्लायरने जीएसटीचं रिटर्न भरलं नाही की पोर्टलवरच्या आपल्या टू-बी नावाच्या यादीत त्याचं बिल दिसत नाही, आणि आपण त्याला मोजलेला टॅक्स अडकून पडतो. असे ४१ सप्लायर फोन करकरून वठणीवर आणले, ११ लाख ४० हजारांचं क्रेडिट सोडवलं. एकाच्या मुलीच्या लग्नाला जाऊन अक्षता टाकल्या आणि मांडवातच त्याच्याकडून ऑक्टोबरचं रिटर्न कबूल करून घेतलं. (आहेर माझ्या खिशातून.) हे सगळं तारीखवार एका पानावर आणलं. एकाच, कारण बायको म्हणाली, "तुझे साहेब दुसरं पान उलटायचे नाहीत."

केबिनमध्ये शिरलो तर स्टुलावर एसीवाला. साहेब म्हणाले, "बोल बोल, तो आपलाच आहे."

बोललो. साहेबांनी पान हातात घेतलं आणि वरून भसकन धूळ पडली, नेमकी ११ लाखांवर.

"बघा साहेब," एसीवाल्याने जाळी त्यांच्या नाकापाशी धरली, "वर्षाची घाण." साहेबांनी जाळी निरखून पाहिली. माझं पान इतकं निरखलं नव्हतं. "गॅसपण उतरलाय. भरायला लागंल. तीन हजार."

"गेल्या वर्षी अडीच घेतलेस ना?"

"घेतले. पण एप्रिल लागला की मी कुणाला घावत नाय. तेव्हा साडेतीन दिले तरी नाय. दादा, स्टूल धरा जरा."

मी धरलं.

"बरं, भर," साहेब म्हणाले, आणि मग स्टुलाच्या पायाशी वाकलेल्या माझ्याकडे वळले. "तुझं काम उत्तमच आहे रे. पण उशीर केलास. इन्क्रिमेंटचं बजेट जानेवारीतच लॉक झालं."

डिसेंबरात मी विचारलं होतं. तेव्हा हेच साहेब म्हणाले होते, "अरे, वर्ष तरी पूर्ण होऊ दे." कुणाला किती टक्के ते जानेवारीत वर कळवायचं आणि वर्षभरात काय केलंस याचा फॉर्म मार्चमध्ये भरून घ्यायचा. निकाल आधी, पेपर नंतर. आणि तो फॉर्म मी दरवर्षी शुद्धलेखन तपासून भरतो! पुढल्या खेपेला नोव्हेंबरातच, अर्धवट आकडे घेऊन जाणार आहे. लेखी मेल टाकणार, म्हणजे "विचारलंच नव्हतंस" म्हणायची सोय नाही.

"तुम्ही कुठं असता?" स्टुलावरून प्रश्न आला.

"अकाउंट्सला."

"मग बिल तुमच्याकडंच येणार की!"

आलं. तीन हजार, साहेबांची सही. जीएसटी नंबर नाही. एवढ्या लहान माणसाला तो लागत नाही, हे मला पाठ आहे. तरी बिलाला 'नंबर नाही' अशी चिठ्ठी टाचून मी ते दोन दिवस ट्रेमध्ये ठेवून दिलंय.