‘मग’ या शब्दाचा हिशेब

आमच्या शेतकरी कंपनीचे अध्यक्ष आण्णा सुंदर लिहितात, आणि आमची अडचण नेमकी तिथूनच सुरू झाली. सोयाबीन चाळणी-प्रतवारीची मशीन घ्यायची, तिच्यासाठी शेड बांधायचं, म्हणून बँकेत कर्जाची फाईल दिली होती. तिच्यासोबत कामाचा आराखडा हवा होता. आण्णांनी एका बैठकीत, मध्ये एकदाच पान खाऊन, तो लिहून काढला. मूळ मजकूर असा :

“पाडवा झाला की दुसऱ्या दिवशी जागेची आखणी करून पाया खोदावा. फुटिंग व कॉलम झाले की मुरूम भरून भिंती उचलाव्यात. भिंती झाल्यावर मग ट्रसची ऑर्डर देऊन छप्पर चढवावे. त्यानंतर कोबा करून लगेच मशीन बसवावी. तोवर लाईट येईलच. आई तुळजाभवानीच्या कृपेने साधारण तीन महिन्यांत चाचणी घेऊन शेवटचा हप्ता उचलावा.”

वाचताना डोळ्यांसमोर शेड उभं राहतं, पत्र्यावर पावसाचा आवाजही येतो. पण औशाच्या पुढं आमचं गाव, आणि बँक लातुरात. तिथल्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे छान आहे. आता याचा तक्ता करून आणा. काम, कशावर अवलंबून, किती दिवस आणि टप्पे.”

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी कंपनीचा हिशेबनीस. गावात एक्सेल येतं तो माणूस मी, म्हणजे मला एकदा त्यात बेरीज करताना कुणीतरी पाहिलं होतं.

मला वाटलं, तासाभराचं काम. एकेक वाक्य उचलायचं, एकेका ओळीत ठेवायचं. कामाचा रकाना तसा भरलाही. मग ‘कशावर अवलंबून’ हा रकाना आला, आणि मला कळलं की आण्णांच्या आराखड्यातला सगळ्यात लबाड शब्द ‘मग’ आहे.

मराठीत ‘मग’ला दोन अर्थ आहेत, आणि बोलताना आपण दोन्ही एकाच दमात वापरतो. “कॉलम झाले, मग ट्रस” यात एक अर्थ असा की कॉलमशिवाय ट्रस होणारच नाही. दुसरा अर्थ असा की मला हे नंतर आठवलं. परिच्छेदात दोन्ही शेजारी सुखानं नांदतात, तक्त्यात नांदत नाहीत. तिथं प्रत्येक ‘मग’ला पकडून विचारावं लागतं : बाबा, तू नक्की कुणासाठी थांबलायस?

मी आण्णांनाच विचारलं, “भिंती होईपर्यंत ट्रसची ऑर्डर कामून थांबवायची?”

“अरे, भिंतीवर छप्पर बसतंय ना?”

“छप्पर बसतंय. ऑर्डर कुठं भिंतीवर बसतीय?”

आण्णा गप्प झाले. मी जोरात येऊन म्हणालो, मग ऑर्डर पहिल्याच दिवशी देऊन टाकू. लातूरच्या फॅब्रिकेटरला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, “मालक, ड्रॉइंगवर मी ट्रस बनवत नसतो. तुमचा मिस्तरी कॉलम ड्रॉइंगात असतील तिथंच उभे करील, याची गॅरंटी देतो का? कॉलम वर येऊ द्या, मी टेप घेऊन येतो, मापं घेतो, मग पंचवीस दिवस.”

हा ‘मग’ मात्र खरा होता. त्यामागं मिस्तरीच्या हाताचा अनेक वर्षांचा अनुभव उभा होता. म्हणजे ट्रस भिंतींवर अवलंबून नाही, पण आखणीपासून मोकळाही नाही. तो कॉलमवर अवलंबून आहे. कॉलम झाले की इकडं मुरूम आणि भिंती, तिकडं कारखान्यात ट्रस, दोन्ही एकदमच चालू.

आता दिवसांचा रकाना. आमच्या भागात दिवस मोजायची मापं ठरलेली आहेत : चार-दोन दिवस, आठ-पंधरा दिवस, आणि ‘होऊन जाईल की’. मिस्तरीला विचारलं, भिंतींना किती लागतील? “आठ-पंधरा.” आठ का पंधरा? “तसंच काहीतरी.” मग प्रश्न बदलला. गवंड्यांच्या जोड्या किती लावणार? म्हणाला, “दोन लावल्या तर वीस दिवस. एकच आली तर चाळीस.” म्हणजे आठही नाही, पंधराही नाही. दिवस विचारले की माणूस धीर देतो, आणि माणसं किती विचारलं की हिशेब देतो. त्या ओळीत वीस लिहिले आणि शेजारी ‘दोन जोड्या’ असंही लिहून ठेवलं, नाहीतर एक जोडी शेजारच्या गावच्या घरावर गेली की वीसाचे चाळीस कसे झाले हे कुणालाच कळणार नाही.

सगळ्यांना असंच खोदून विचारल्यावर दिवस जमले. आखणी तीन, खोदाई पाच (काळी माती आहे, कडक मुरूम लागेपर्यंत खाली जायचं), फुटिंग-कॉलम पंधरा, मुरूम भरणी सहा, भिंती वीस, ट्रस पंचवीस, छप्पर आठ, कोबा चार, मशीन बसवणं सहा, चाचणी दोन. आण्णांसारखे एकामागं एक लावले तर ९४. म्हणजे त्यांचे ‘साधारण तीन महिने’ अगदीच हवेतले नव्हते.

पण ‘लगेच’ राहिला होता. “कोबा करून लगेच मशीन.” मिस्तरी हसला. म्हणाला, “कोब्याला पाणी कोण मारणार?” गोणीत मिळणारं सिमेंट हल्ली बहुतेक राखमिश्रित असतं. त्याच्या काँक्रीटला निदान दहा दिवस ओलं ठेवावं लागतं, आणि मे महिन्याच्या आमच्या उन्हात तर त्यावर घासाघीस नकोच. नाहीतर पृष्ठभाग भुगभुगीत होतो, आणि मशीनच्या पायाखाली सहा महिन्यांत धूळ निघायला लागते. हे दहा दिवस परिच्छेदात कुठंच नव्हते, कारण त्या दहा दिवसांत कुणी काही ‘करत’ नाही. एक पोरगं नळी धरून उभं असतं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांना काम दिसतं, थांबणं दिसत नाही. त्याला मी स्वतंत्र ओळ दिली.

म्हणजे एकामागं एक लावले तर १०४, ट्रस बाजूनं चालवला तर ७९. २० मार्चला सुरू करून ६ जूनला चाचणी. मिरगाच्या आदल्या दिवशी! मी खुशीत आण्णांना दाखवायला गेलो. ते एवढंच म्हणाले, “बुधवार धरला का?”

बुधवारी आमचा बाजार. बाजाराच्या दिवशी कामावर कुत्रं येत नाही. आणि १४ एप्रिलला जयंती, त्या दिवशी तर कामाचं नावच काढायचं नाही. साधं `WORKDAY` हे सूत्र शनिवार-रविवार सुट्टी धरतं. ते आमच्या गावात कधी आलेलं नाही. त्याच्या मोठ्या भावाला, `WORKDAY.INTL` ला, मात्र १४ हा आकडा दिला की फक्त बुधवार सुटीचा होतो. वेगळ्या सुट्ट्या एका खान्यात लिहून तोही खाना त्याला दाखवायचा. छप्पर सुरू व्हायची तारीख अशी निघाली :

```
=WORKDAY.INTL(MAX(F6,F7),1,14,$H$2)
```

F6 मध्ये भिंती संपायची तारीख, F7 मध्ये ट्रस तयार व्हायची, H2 मध्ये जयंती. दोन्हींतली उशिराची तारीख घे आणि तिच्या पुढचा कामाचा दिवस दे, एवढंच ते म्हणतं. फक्त कोब्याला पाणी मारायच्या ओळीत हे सूत्र घालायचं नाही, तिथं साधे दहा दिवस मिळवायचे. काँक्रीट बाजारला जात नाही. मधला भाग असा दिसायला लागला :

| क्र. | काम | कशावर अवलंबून | दिवस | सुरू | संपणार |
|---|---|---|---|---|---|
| ३ | फुटिंग व कॉलम | २ | १५ | २९ मार्च | १६ एप्रिल |
| ४ | मुरूम भरणी | ३ | ६ | १७ एप्रिल | २३ एप्रिल |
| ५ | भिंती | ४ | २० | २४ एप्रिल | १६ मे |
| ६ | ट्रस बनवणे | ३ | २५ | १७ एप्रिल | १५ मे |
| ७ | ट्रस चढवणे, पत्रे | ५, ६ | ८ | १७ मे | २५ मे |
| ◆ | छप्पर पूर्ण | ७ | ० | – | २५ मे |

चाचणी १९ जूनवर गेली. मिरीग हुकला, पण छप्पर २५ मेलाच वर असल्यामुळं पुढचं काम आत बसून होणार होतं. मला तेवढं पुरेसं वाटलं.

आण्णांना त्या शून्याचं वाईट वाटलं. “छप्पर पूर्ण व्हायला झिरो दिवस? नारळ फोडायचाय, मंडळींना चहा द्यायचाय. अर्धा तरी दिवस धर.” मी समजावलं की ते काम नाही, ती खूण आहे. एसटी औशाला पोचली हे सांगायला वेळ लागत नाही, पोचायला लागतो. बँक हप्ता देते तो खुणेवर, कामावर नाही. “म्हणजे नारळ कोणत्या ओळीत?” नारळ सातव्या ओळीत गेला.

शेवटी उरली “तोवर लाईट येईलच” ही ओळ. हिच्यात काम नव्हतं, नुसता विश्वास होता. मी तिचं काम केलं : वीजजोडणी. चाचणी वीजजोडणीवर अवलंबून. वीजजोडणी अनामत भरण्यावर. अनामत कुठून? “शेवटच्या हप्त्यातून,” आण्णा म्हणाले. शेवटचा हप्ता कधी? चाचणी झाल्यावर. चारही सूत्रं टाकून एंटर दाबलं तर एक्सेलनं वर्तुळाकार संदर्भाची सूचना पडद्यावर आणली. चाचणीला लाईट, लाईटला अनामत, अनामतीला हप्ता, हप्त्याला चाचणी. परिच्छेदात हे चक्र इतकं गोड फिरत होतं की मी तो चारदा वाचला, आण्णांनी बैठकीत मोठ्यानं वाचला, संचालकांनी सह्या केल्या, आणि कुणालाही चक्कर आली नाही.

आण्णा बराच वेळ पडद्याकडं बघत बसले. मग म्हणाले, “अनामत सभासदांच्या भागभांडवलातून भरू. पाडव्याच्या आधी.” एक बाण काढला आणि चक्र सुटलं. वीजजोडणीची ओळ तळातून उठून पहिल्या नंबरावर जाऊन बसली.

तक्ता छापून झाला त्या संध्याकाळी फॅब्रिकेटरचा फोन आला. “मालक, पंधरा मेला मेव्हण्याचं लग्न निघालंय. ट्रस सोळाला देतो, चालतंय का?”

मी तक्ता पाहिला. ट्रस १५ ला, भिंती १६ ला. एक दिवस मोकळा. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या उशिराला मी मोठ्या मनानं म्हणालो, “चालतंय की.” आण्णा माझ्याकडं बघतच राहिले.

“लई उपकार झाले,” तो म्हणाला. “आणि मालक, वरातीचा एक दिवस वेगळा धरा.”