पोटॅशियमचा रिपोर्ट का थांबला

"सकाळी सातला धायरीत घरी येऊन रक्त नेलं. साखर आणि सीबीसी साडेदहाला फोनवर आले. क्रिएटिनिन-पोटॅशियम मात्र 'तपासणी चालू' म्हणून संध्याकाळपर्यंत अडकवलं, वर पुन्हा सुई टोचली. मशीन आकडा देतं ना, मग त्यात तुम्ही काय बघत बसता?"

नमस्कार. तुमचे आकडे इथे चारचौघांत मांडता येणार नाहीत, म्हणून नमुन्याचे आकडे घेऊन सांगतो.

साखर राखाडी टोपीच्या ट्यूबमधून होते, सीबीसी जांभळ्या टोपीच्या, आणि क्रिएटिनिन-पोटॅशियम पिवळ्या टोपीच्या. त्या दिवशीचं क्यूसी, म्हणजे मशीन बरोबर मोजतंय का याची चाचणी, पास, मशीनने शंकेची खूण केलेली नाही, आकडा मर्यादेत आणि मागच्या रिपोर्टशी जुळणारा, एवढं झालं की सॉफ्टवेअर रिपोर्ट आपोआप सोडतं, माणूस बघतही नाही. मागच्या रिपोर्टशी जुळवणं म्हणजेच डेल्टा चेक.

समजा, पोटॅशियम पाच दिवसांपूर्वी 4.3 होतं आणि आज 6.9 आलं. आमच्या लॅबमध्ये सात दिवसांत 1.0 पेक्षा जास्त फरक पडला की आकडा अडतो. (6.9 क्रिटिकलच आहे, मागचा रिपोर्ट नसता तरी अडला असता.) टेक्निशियन आधी हिमोलिसिस इंडेक्स बघतो, कारण तांबड्या पेशी फुटल्या की पोटॅशियम वाढतं. तो ठीक निघाला, तर त्याच ट्यूबमधून कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम लावतो. कॅल्शियम 9.2 वरून 5.1 वर, अल्कलाइन फॉस्फेटेज 80 वरून 22 वर, आणि सोडियम-क्रिएटिनिन जागच्या जागी! हे किडनीचं दुखणं नव्हे. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, पिवळीत गेलंय. ते पोटॅशियमचंच मीठ असतं, त्यामुळे पोटॅशियम वाढवतं आणि कॅल्शियम बांधून ठेवतं. जांभळी आधी भरली, किंवा पिवळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं ओतलं, की हे होतं. यात वजाबाकी करून खरा आकडा काढता येत नाही, नवंच सॅम्पल लागतं. ट्यूबवर संशय आला की तिच्यातलं क्रिएटिनिनही आम्ही सोडत नाही.

इंडेक्सला न दिसणारं एक कारण उरतं. सीरम वेगळं करायला उशीर झाला, त्यातून ट्यूब बर्फात ठेवलेली असली, तर पेशी न फुटताही पोटॅशियम बाहेर झिरपतं. ते फक्त रक्त काढल्याची आणि सेंट्रिफ्यूजला लावल्याची वेळ ताडून कळतं. हे सगळं ठीक असेल तर 6.9 खरंही असू शकतं. मग नव्या सॅम्पलची वाट न बघता डॉक्टरांना लगेच फोन जातो.

दुसऱ्या लॅबचा जुना रिपोर्ट आमच्या सिस्टिमला दिसत नाही. तो असेल तर फोटो पाठवा, आम्ही हाताने ताडून बघू.

'तपासणी चालू' हा मेसेज मात्र चुकीचाच होता. पुन्हा रक्त लागणार हे कळताच तुम्हाला फोन यायला हवा होता. तो मेसेज आता 'नवं सॅम्पल लागेल, फोन करत आहोत' असा केलाय. दुसऱ्या खेपेचे पैसे लावलेले नाहीत.