तीन तासांच्या नावाखाली चार तासांचा पेपर : एका प्रतिक्रियेला उत्तर

«मॅडम, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. सराव परीक्षेला मागच्या वर्षांचा एखादा पेपर द्यायचा आणि घड्याळ लावायचं, एवढं साधं काम तुम्ही उगाच अवघड करून ठेवलंय. आणि सलग तीन तास बसवायचा हट्ट कशाला? आज अर्धा, उद्या अर्धा घेतला तरी गुण तेवढेच पडतील, वेळापत्रकही मोडणार नाही. पोरं आधीच दमलेली असतात. – एक पालक»

राग कसला मानायचा? पहिली काही वर्षं मीही जवळपास हेच करत होते. ते का सोडलं, तेवढं सांगते.

जुन्या पेपरची अडचण अशी की तो मुलांनी पाहिलेला असतो. कोणी शिकवणीत सोडवलेला असतो, कोणी उत्तरांसकट पाठ केलेला असतो. मग वर्गातली अर्धी मुलं दोन तासांत मोकळी होतात आणि उरलेली तीन तास झगडतात. त्या आकड्यांवरून वेळेबद्दल काहीच कळत नाही. म्हणून जुन्या पेपरचा सांगाडा घ्यायचा आणि प्रश्न नवे घालायचे, असं मी ठरवलं. आणि तिथेच सपशेल फसले.

विज्ञानाचा पेपर होता, ८० गुण, तीन तास. गुणांची विभागणी मी खऱ्या पेपरशी तंतोतंत जुळवली होती. एक गुणाचे किती, तीन गुणांचे किती, कुठल्या धड्याला किती भारांश, सगळा संविधान तक्ता बरोबर. तरी निम्म्याहून जास्त मुलांचा शेवटचा प्रश्न कोरा आला. मी सरळ ‘मुलं हळू लिहितात’ असा निष्कर्ष काढला आणि दोन आठवडे त्यांना वेगाबद्दल बोलत राहिले. त्याचं आजही वाईट वाटतं, कारण चूक माझ्या पेपरची होती.

कळलं कसं? एका रविवारी मी मागच्या वर्षीचा खरा पेपर घेतला आणि मुलांनी लिहावीत तशी, आकृत्यांसकट, पूर्ण उत्तरं हाताने लिहिली. ६८ मिनिटं लागली. मग तसाच माझा पेपर सोडवला. ९१ मिनिटं! म्हणजे माझा पेपर खऱ्याच्या साधारण एक पूर्णांक एक तृतीयांश पट लांब होता. खऱ्याला १८० मिनिटं पुरत असतील, तर माझ्याला २४० हवी होती. मी मुलांना चार तासांचा पेपर तीन तासांत सोडवायला लावला होता.

‘शिक्षकाला लागतो त्याच्या दुप्पट-अडीचपट वेळ मुलांना द्यावा’ असा एक ठोकताळा आमच्यात चालतो. त्यावर मी फार विसंबत नाही, कारण प्रत्येक शिक्षकाचा हात वेगळा आणि प्रत्येक वर्गही वेगळा. पण एकाच हाताने खरा आणि सराव असे दोन्ही पेपर सोडवले, तर तुलना तरी भरवशाची होते. मी आखलेली उत्तरं असल्याने माझा पेपर मला जरा सोपाच जाणार, हे धरूनही तो २३ मिनिटं जास्त खात होता.

ती २३ मिनिटं कुठे गेली, ते प्रश्नाप्रश्नाला वेळ टिपून ठेवला होता म्हणून सापडलं. एक उदाहरण देते. बहिर्गोल भिंगाचं गणित. खऱ्या पेपरात नाभीय अंतर १२ सेंमी आणि वस्तू भिंगापासून १८ सेंमीवर होती. सूत्रात घातलं की प्रतिमा ३६ सेंमीवर येते, आकडेमोड दोन ओळींची. मी ‘जरा वेगळं हवं’ म्हणून १३.५ आणि १७.२ घातले होते. उत्तर ६२.७६ सेंमीच्या आसपास येतं, पण कॅल्क्युलेटरशिवाय तिथे पोचायला २३२.२ ला ३.७ ने भागत बसावं लागतं. गुण तेवढेच, धडा तोच, पण तपासला जात होता भागाकार. आता आकडे आधी उत्तर ठरवून मग मागे जाऊन घेते.

बाकीचा वेळ वाचण्यात जात होता. माझे प्रश्न लांबलचक होते, परिच्छेद देऊन विचारलेले. तेव्हापासून पेपर झाला की दोन्हींचे शब्द मोजते. आणि ‘कोणतेही चार सोडवा’ असं असेल तर मुलगा चार लिहितो, पण वाचतो मात्र सगळे. खऱ्यात सहापैकी चार असतील आणि मी आठपैकी चार दिले, तर ती उदारता वाटते, पण मुलाची मिनिटं जातात वाचण्यात आणि कुठला सोडू या घालमेलीत.

आता तुमच्या ‘आज अर्धा, उद्या अर्धा’बद्दल. गुण तेवढेच पडतील का, तर बहुतेक जास्तच पडतील. तीच तर अडचण आहे. सलग पेपरात पहिल्या भागात उडवलेली दहा मिनिटं शेवटच्या भागातून वसूल होतात. तुकडे केले की ती उधारी माफ होते, दुसऱ्या दिवशी सगळे ताजे हात आणि कोरं घड्याळ घेऊन बसतात. तिसऱ्या तासाला बोटं आखडलेली असताना अक्षर कसं होतं, आकृतीला नावं द्यायची राहतात का, हे तुकड्यांत दिसतच नाही.

यासाठी एका सरावात मी दर अर्ध्या तासाने टकटक करते आणि मुलं जिथे असतील तिथे समासात एक आडवी रेघ ओढतात. (शेवटच्या सरावात हे करत नाही, खऱ्या परीक्षेत अशी टकटक कोण करणार?) गुणांपेक्षा त्या रेघा मला जास्त सांगतात. एका मुलीची दुसरी आणि तिसरी रेघ जवळजवळ एकाच पानावर होती. मधे काय होतं? हृदयाची आकृती, तीन गुणांची, सुरेख छायांकन केलेली. ८० गुणांना १८० मिनिटं म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं, तीन गुणांना सात मिनिटांच्या आत. तिचा जवळपास अर्धा तास त्या छायेत गेला होता. तिला विज्ञान येत नव्हतं असं नाही, पेन्सिल कधी खाली ठेवायची ते येत नव्हतं. पेपर दोन दिवसांत घेतला असता तर तिचे गुण छान आले असते आणि ही गोष्ट आम्हा दोघींनाही थेट खऱ्या परीक्षेत कळली असती.

मुलं दमतात, हे मात्र तुमचं खरं आहे. म्हणून प्रत्येक सराव सलग घेत नाही. सुरुवातीचे सराव एकेका भागाचेच असतात, त्या भागाला त्याच्या गुणांच्या हिशोबाने वेळ देऊन. त्यांतून विषय कुठे कच्चा आहे ते कळतं, आणि तेवढंच कळतं हे मी लक्षात ठेवते. पूर्ण तीन तासांचे फक्त दोन घेते, मधे पंधरा दिवस ठेवून, म्हणजे पेपर तपासून रेघा दाखवायला आणि सवय बदलायला वेळ मिळतो. ज्यांना खऱ्या परीक्षेत जादा वेळेची सवलत मंजूर आहे, त्यांना सरावातही तेवढाच जादा वेळ देते.

वेळापत्रकाचं म्हणाल तर त्या दोन दिवशी बाकीच्या शिक्षकांच्या तासिका जातात, हे खरंच आहे. पुढच्या वेळी एक सराव शनिवारी ठेवता येतो का ते विचारते. तुमचा मुलगा किंवा मुलगी माझ्या वर्गात असेल, तर गुण विचारण्याआधी उत्तरपत्रिकेतल्या रेघा जरूर बघा.