केकच्या आधी काय?

आमचं ऑफिस फोर्टातून गोरेगावला हलायचं ठरलं तेव्हा चार जणांनी चार पीपीटी केल्या. साहेबांनी त्या चारही मला फॉरवर्ड करून वर लिहिलं, "सगळं यात आहेच. फक्त एका शीटमध्ये क्रमाने लाव, म्हणजे शेड्यूल टाकता येईल."

सगळं होतंच. अ‍ॅडमिनच्या मॅडमकडे जुन्या जागेच्या चाव्या होत्या, इंटिरियरवाल्या शेठकडे फर्निचर, आयटीवाल्याकडे सर्व्हर. एचआरच्या पीपीटीत सर्वांत जास्त रंग होते आणि तारीख एकच: २७ ऑक्टोबर, 'डे वन', शेजारी केकचं चित्र. कोणतं काम कशासाठी अडून बसलंय, हे मात्र चौघांनीही लिहिलं नव्हतं. आपलं काम दुसऱ्यावर अडलंय असं मोठ्या अक्षरांत कोण लिहील? मीटिंगमध्ये तेवढंच धरून बसतात ना लोक.

पहिलं काम मजकूर उपसायचं. आउटलाइन व्ह्यू उघडून सगळं कॉपी करावं, असा मोह होतो. पण तिथे फक्त ठरावीक चौकटींतला मजकूर दिसतो, वेगळे टाकलेले टेक्स्ट बॉक्स दिसत नाहीत. आणि माणसं मुख्य चौकटीत 'सुसज्ज कार्यस्थळ' असं काहीतरी लिहितात आणि खरी गोष्ट तळाशी मुंगीएवढ्या टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवतात. शेठच्या स्लाइडवर तळाला होतं: 'सोसायटीची एनओसी मिळाल्यावरच काम सुरू.' म्हणजे ज्या ओळीवर अख्खं इंटिरियर उभं, ती आउटलाइनमध्ये नाहीच. स्लाइडखालच्या नोट्सही वाचाव्या लागतात. आयटीवाल्याने तिथे स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं, 'लीज लाइनला ४५ दिवस लागतील, साहेबांनी विचारलं तरच सांगणे.' साहेबांनी विचारलं नव्हतं.

मग माइलस्टोन. माइलस्टोन म्हणजे काम नव्हे, काम झाल्याची खूण, म्हणून शीटमध्ये त्याचा कालावधी शून्य दिवस. शेठकडे 'हँडओव्हर' होता आणि आयटीकडे 'साइट रेडी'. दोन्ही एकच समजून एक ओळ उडवायला माझा हात शिवशिवत होता, तरी दोघांना फोन करून विचारलं, "हे झालं हे मला कशावरून कळेल?" शेठ म्हणाले, "दिवे लागले, चावी दिली, झालं." आयटीवाला म्हणाला, "सर्व्हर रूमचा एसी चालू आणि धुळीचा कणही नाही." शेठचा हँडओव्हर आणि धुळीचा शेवटचा कण यांत किती अंतर असतं, ते घरी सुताराचं काम काढलेल्या कुणालाही विचारा. मी दोन ओळी ठेवल्या आणि मध्ये 'साफसफाई' घातली. ती कुणाच्याच पीपीटीत नव्हती.

तारखांची तर वेगळीच मजा. तीन स्लाइडवर 'दिवाळीनंतर' होतं. अकाउंट्सची दिवाळी भाऊबीजेला संपते, शेठचे सुतार छठ आटोपून गावाहून परततात आणि साहेबांची दिवाळी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संपते, कारण त्यांना मेल करायचे असतात. म्हणून स्लाइडवरची तारीख मी वेगळ्या रकान्यात ठेवतो, 'दाव्याची तारीख' म्हणून. ती शेड्यूल लावणाऱ्या एमएस प्रोजेक्टच्या 'स्टार्ट' रकान्यात टाइप केली की प्रोग्राम तिला 'याच्या आधी सुरू नाही' असं बंधन समजतो. मग आधीची कामं लवकर आटोपली, तरी हे काम तिथेच हटून बसतं. खरी तारीख एकच होती: ३१ ऑक्टोबरला जुन्या जागेचा करार संपत होता. तीही डेडलाइन म्हणून टाकली. डेडलाइन कामं ओढत नाही, उशीर होणार असला की लाल खूण दाखवते.

बाणांवर माझा फार राग आहे. आयटीच्या स्लाइडवर 'लीज लाइन' चौकटीतून एक रुबाबदार बाण निघून 'पँट्री'त शिरत होता. इंटरनेटशिवाय चहा नाही, असं काही धोरण आहे का? चौकट माउसने धरून बाजूला ओढली. बाण सोबत आला नाही, जागच्या जागी लोंबकळत राहिला. म्हणजे तो चौकटीला जोडलेलाच नव्हता, जागा भरायला काढला होता. पण जोडलेला बाणही पुरावा नाही, संशय आहे. पक्कं करायला माणसाला विचारावंच लागतं. एकामागे एक टोकदार पट्ट्या लावलेल्या स्लाइडचंही तेच. शेठच्या 'डिझाइन, खरेदी, काम, हँडओव्हर' या पट्ट्यांवरून वाटतं की एक संपल्यावर दुसरं सुरू. प्रत्यक्षात अर्ध्या डिझाइनवरच प्लायवूडची ऑर्डर गेलेली असते.

जिथे अवलंबन खरं निघालं, तिथे ते आकड्यांत लिहिलं. रंगकाम १२व्या ओळीत. रंग वाळायला तीन दिवस, त्यानंतरच सर्व्हरचा रॅक आत. म्हणून रॅकच्या ओळीपुढे, आधीच्या कामाच्या रकान्यात:

```
12FS+3ed
```

म्हणजे बारावं काम संपल्यावर तीन दिवसांनी. नुसतं `3d` लिहिलं तर प्रोग्राम कामाचे दिवस मोजतो आणि शनिवार-रविवार सोडून देतो. रंगाला सुट्टी नसते, तो रविवारीही वाळतो. म्हणून `ed`.

शेवटी क्रम लावणं. ज्या ओळीआधी काहीच नाही ती उचलून वर ठेवायची, बाकीच्यांच्या रकान्यातून तिचा नंबर खोडायचा, की आणखी काही ओळी मोकळ्या होतात, असं शेवटपर्यंत. हीच रीत ए. बी. कान यांनी १९६२ साली संगणकासाठी मांडली. माझ्या शीटमध्ये खोडत खोडत तीन ओळी उरल्या आणि एकही हलेना. इलेक्ट्रिशियन वायरिंगसाठी टेबलांच्या लेआउटवर थांबलेला, लेआउट सर्व्हर रूमच्या मापावर, आणि ते माप इलेक्ट्रिशियनच्या वायरिंग नकाशावर, कारण यूपीएस कुठे बसणार ते त्यावर ठरणार. तिघंही मला वेगवेगळं भेटून म्हणाले होते, "माझ्याकडून काही पेंडिंग नाही." आणि तिघंही खरं बोलत होते.

तिघांना खाली टपरीवर एकत्र उभं केलं. कटिंग संपायच्या आत कळलं की इलेक्ट्रिशियनला यूपीएसची जागा सांगायला लेआउट लागतच नाही, यंत्रांच्या लोडचा अंदाज पुरतो. तो अंदाज आयटीवाला यंत्रं मोजून दोन दिवसांत देऊ शकतो. मग 'वायरिंग' ओळ फोडून दोन केल्या: 'यूपीएसची जागा', जिच्याआधी लोडची यादी, आणि 'प्रत्यक्ष वायरिंग', जिच्याआधी लेआउट. गाठ सुटली, उरलेल्या ओळी भराभर वर चढल्या.

तळाशी एचआरचा केक उरला. त्याच्या आधी काय, म्हणून एचआरच्या मॅडमना विचारलं. "काही नाही हो, आदल्या संध्याकाळी आणून फ्रिजमध्ये ठेवायचा." मी चारही पीपीटी पुन्हा चाळल्या. फ्रिज कुठेच नाही. अ‍ॅडमिनला वाटतं, पँट्री म्हणजे शेठ, शेठना वाटतं, वायर असलेली वस्तू म्हणजे आयटी, आयटीवाला म्हणाला, "साहेब, त्याला आयपी अ‍ॅड्रेस आहे का?"

मी 'फ्रिज हलवणे' अशी ओळ घातली, कालावधी एक दिवस. शीटचा नियम असा की जबाबदार व्यक्तीचा रकाना रिकामा ठेवायचा नाही, आणि हा नियम मीच केलेला आहे. त्यामुळे तिथे तूर्तास माझं नाव आहे. कुणाच्या ओळखीचा टेम्पोवाला असेल तर कळवा.