पत्राने पासपोर्ट मिळेल, अर्ज मात्र जाईल

फॉरवर्ड होत आलेला मजकूर असा: "यूकेतल्या मराठी बांधवांनो, व्हिसा वाढवायला दिलाय आणि गावी कोणी वारलं तर घाबरू नका. होम ऑफिसला अर्जंट पत्र टाका, मृत्यूचा दाखला जोडा, अंत्यविधीसाठी पासपोर्ट परत मागा. ४८ तासांत द्यावाच लागतो. अर्ज मागे चालूच राहतो, आरामात परत या. नाहीच दिला तर हाय कमिशनमध्ये हरवला म्हणून सांगा, नवीन मिळतो."

सगळ्यात जास्त नुकसान 'अर्ज मागे चालूच राहतो' या वाक्याने होतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांत ३४के नावाचं एक छोटं कलम आहे. तिथे राहण्याची परवानगी मागणारा अर्ज प्रलंबित असताना अर्जदार 'कॉमन ट्रॅव्हल एरिया'च्या बाहेर गेला, तर ज्या दिवशी तो बाहेर पडला त्या दिवशी अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. हा एरिया म्हणजे ब्रिटन, आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि चॅनल आयलंड्स. डब्लिनला जाऊन आलात तर अर्ज टिकतो, मुंबईला गेलात तर नाही. वडील वारले म्हणून गेला की फिरायला गेला, हे कलम विचारत नाही.

इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. त्यांना वाटतं पासपोर्ट अडकलाय, म्हणून आपण अडकलोय. खरं तर २०१८ च्या अखेरीपासून देशातून केलेल्या बहुतेक अर्जांत बायोमेट्रिकच्या वेळी पासपोर्ट स्कॅन करून हातात परत देतात. पासपोर्ट तपासणीसाठी किंवा इतर कारणाने ठेवून घेतलेले लोक थोडे. बाकीच्यांचा कपाटातच असतो, आणि तरीही ते तितकेच अडकलेले असतात. म्हणजे पत्राला भरभरून यश आलं, पासपोर्ट दुसऱ्याच दिवशी पोस्टाने आला, तरी मूळ प्रश्न जागच्या जागी.

मग जाणं किती महागात पडेल? ते एका तारखेवर ठरतं: जुन्या व्हिशाची मुदत. एक उदाहरण घेऊ. स्किल्ड वर्कर व्हिशावरच्या एका मुलाने १० फेब्रुवारीला मुदतवाढीचा अर्ज केला. ३ मार्चला सांगलीत त्याचे वडील गेले.

जुना व्हिसा ३० एप्रिलपर्यंत असेल, तर तो जाऊ शकतो. अर्ज पडेल, बायोमेट्रिक झालेलं असल्यामुळे अर्जाची फी बुडेल, पण जुनी परवानगी जिवंत आहे. २० मार्चला परत यायचं, कंपनीकडून नवीन सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे व्हिशासाठी लागणारं नोकरीचं प्रमाणपत्र, घ्यायचं आणि ३० एप्रिलच्या आत पुन्हा अर्ज करायचा. पैसे गेले, एवढंच.

तोच व्हिसा २० फेब्रुवारीला संपलेला असेल, तर गोष्ट वेगळी. त्या दिवसापासून तो राहतोय ते १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यातल्या ३सी कलमाच्या आधाराने. वेळेत अर्ज केला म्हणून निर्णय होईपर्यंत जुनी परवानगी आपोआप लांबते, ती ही. आणि त्याच कलमात लिहिलंय की माणूस देश सोडतो तेव्हा ही लांबलेली परवानगी संपते. विमान सुटलं की त्याच्याकडे ना अर्ज, ना परवानगी. परत यायचं तर भारतातून नवा व्हिसा काढायचा: नवी फी, आणि कंपनीकडून वेगळ्या प्रकारचं सर्टिफिकेट, कारण बाहेरून येणाऱ्यासाठी 'डिफाइंड' प्रकारचं लागतं आणि ते कंपनीला वेगळं मागून घ्यावं लागतं. तेराव्याला गेलेला मुलगा पावसाळा लागला तरी सांगलीतच, हे यातूनच होतं. पगाराच्या जुन्या अटींवर ज्यांचा व्हिसा चालू आहे त्यांनी तर परवानगीत खंड पडण्याआधी वकिलाला गाठावंच.

जुना व्हिसा संपलेल्या मुलाने पत्र लिहूच नये का? लिहावं, पण मागणं वेगळं हवं. पासपोर्ट मागू नये, निर्णय लवकर मागावा. निर्णय होऊन नवीन परवानगी हातात पडली, तर तो मोकळा. पाच दिवसांचा किंवा दुसऱ्या दिवशीचा पैसे भरून मिळणारा प्राधान्याचा निर्णय सहसा अर्ज भरतानाच निवडायचा असतो, मागाहून तो जोडता येत नाही. म्हणून आता आधार फक्त विनंतीचा. कंपनीच्या एचआरनेही तीच विनंती पाठवावी. मान्य होईलच असं नाही. आणि ४८ तासांचा असा कोणताही नियम नाही, ना निर्णयाला, ना पासपोर्टला.

पत्राचा मजकूर आठ-दहा ओळींचा असावा. पहिल्याच ओळीत अर्जाचा क्रमांक, पूर्ण नाव, जन्मतारीख. मग कोण वारलं, कधी, कुठे. मग नेमकं मागणं, एकच. 'लवकर निर्णय द्या, नाहीतर पासपोर्ट द्या' असं दोन्ही एका दमात लिहिलंत, तर वाचणारा सोपं ते करून मोकळा होण्याची भीती आहे, आणि सोपं म्हणजे पासपोर्ट पाकिटात घालणं. प्रवासासाठी पासपोर्ट खरोखरच हवा असेल, तर 'यामुळे माझा अर्ज मागे घेतला जाईल हे मला माहीत आहे' असं स्पष्ट लिहा. त्याने निदान उलट विचारणा करणारी एक ईमेल टळते.

मृत्यूच्या दाखल्याचं म्हणाल तर तो त्या घाईत मिळतोच असं नाही. भारतात मृत्यूची नोंद करायला २१ दिवसांची मुदत असते, आणि नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला नोंदीनंतरच येतो. तोवर रुग्णालयाने दिलेल्या मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची, म्हणजे फॉर्म ४ ची प्रत जोडा. मराठी कागद असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत हवं. नात्याच्या पुराव्यासाठी लोक धावपळ करतात. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांचं नाव असतंच. पासपोर्ट होम ऑफिसकडे असेल, तर पुरावाही त्यांच्याकडेच आहे.

एक गोष्ट आपल्या लोकांनीच सांगायला हवी, ती तिथल्या अधिकाऱ्याला ठाऊक नसते. त्यांच्याकडे अंत्यविधी दोन-तीन आठवड्यांनी होतो. आपल्याकडे ३ तारखेला माणूस गेला तर बहुधा ४ तारखेला दहन झालेलं असतं. ६ तारखेच्या पत्रात 'फ्युनरलला जायचंय' एवढंच लिहिलं आणि जोडलेल्या कागदावरून दहन झाल्याचं दिसलं, तर पत्र खोटं वाटतं. म्हणून सरळ लिहा: दहन ४ मार्चला झालं, मुलगा म्हणून करायचे दहाव्यापासून तेराव्यापर्यंतचे विधी १२ ते १५ मार्चला आहेत. मृत्यूचा दिवस पहिला धरून मोजायचं, नाहीतर तारीख एकाने चुकते.

शेवटची ती हरवल्याची युक्ती. ती करू नका. पासपोर्ट हरवला म्हणून कळवलात की तो रद्द होतो, म्हणजे होम ऑफिसच्या फायलीत उरतो तो एक रद्द झालेला पासपोर्ट. शिवाय पासपोर्ट काढण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या १२ व्या कलमाखाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हाय कमिशन संकटात इमर्जन्सी सर्टिफिकेट देतं, पण ते एका बाजूचं: भारतात उतरवतं, परत आणत नाही. आणि कशाने का गेलात, ३४के लागतोच.

नागरिकत्वाचा अर्ज केलेले लोक या सगळ्यात मोडत नाहीत. त्यांच्या हातात कायमची परवानगी आधीच असते आणि त्यांचा अर्ज वेगळ्या कायद्याखाली चालतो, ते जाऊन येऊ शकतात. 'माझ्या मावसभावाला काहीच झालं नाही' असं कोणी सांगितलं, तर त्याचा अर्ज कसला होता ते आधी विचारा.