स्पंज कव्हरने हाताच्या मुंग्या जात नाहीत

"हात बधिर होतात, कंबर दुखते? ग्रिपवर जाड स्पंज कव्हर चढवा, हँडल घट्ट धरा अन् मागचा शॉकअप शेवटच्या खाचेवर न्या. मग कितीही दूर जा."

रोज लांब मोटरसायकल चालवणाऱ्याला दिलेला हा सल्ला उलटा पडतो. आधी स्पंज. ग्रिप जाड झाली की मूठ पुरती मिटत नाही आणि तेवढ्याच पकडीसाठी बोटांना जास्त जोर लावावा लागतो. मे महिन्याच्या घामात कव्हर सरकते, मग मूठ आणखी आवळली जाते. उजवीकडचे कव्हर सरकून हँडलच्या टोकावरच्या वजनाला अडले, तर अ‍ॅक्सिलरेटर परत येत नाही. असे कव्हर आजच काढा. मूळ ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर त्याच जाडीची नवी मऊ रबरी ग्रिप बसवा.

घट्ट धरल्याने तर थरथर हातात जास्त उतरते. त्यापेक्षा कोणती बोटे बधिर होतात ते बघा. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट असेल तर बहुधा मनगट वाकलेले राहते. करंगळी आणि अनामिका असेल तर तळव्याच्या बाहेरच्या कडेवर भार पडतो.

समजा, यवतमाळहून 40 किलोमीटरवरच्या शाळेत रोज जाणाऱ्या शिक्षकाच्या उजव्या हाताची पहिली तीन बोटे अर्ध्या तासात बधिर होतात. त्याने नेहमीसारखे बसून ब्रेकवर बोटे ठेवावीत. लिव्हर वर असेल तर बोटे उचलताना मनगट मागे मुडते. क्लॅम्पचे बोल्ट सैल करून लिव्हर थोडा खाली फिरवावा. कोपर, मनगट आणि बोटे एका रेषेत आली की बोल्ट कसावेत. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल ताणत नाही ना, हे पाहावे. अ‍ॅक्सिलरेटरची केबल जड चालत असेल तर ती तेल देऊन मोकळी करावी किंवा बदलावी, नाहीतर मूठ आवळलेलीच राहील.

एवढे करूनही थरथर उरली तर गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये इंजिन नेहमीच्या आवाजापर्यंत चढवा. तेव्हाही हँडल थरथरले तर टोकावरची वजने आणि इंजिनचे माउंटिंग बोल्ट तपासा. फक्त चालताना थरथरले तर टायर, रिम आणि चाकाचे बेअरिंग बघा.

शॉकअपच्या खाचा वजनासाठी असतात. एकट्याने शेवटच्या खाचेवर चालवले तर खड्ड्याचा दणका थेट मणक्यात जातो. एकट्याला पहिली-दुसरी खाच, मागे माणूस किंवा पोते असेल तर वरची. शॉकअपच्या दांड्यावर तेल ओघळलेले दिसले तर खाच बदलून उपयोग नाही, तो दुरुस्तच करावा लागतो. बसताना गुडघ्यांनी टाकी धरा, कोपर किंचित वाकलेले ठेवा, आणि ब्रेकर आला की पायदानावर भार देऊन बूड जरासे उचला. डब्याची पिशवी पाठीवर नको, कॅरिअरला बांधा.

गाडी चार दिवस बंद ठेवूनही रात्री मुंग्या येत असतील, हातातून वस्तू सुटत असेल किंवा कळ कंबरेतून पायात उतरत असेल, तर त्याचा इलाज गॅरेजात नाही, डॉक्टरला दाखवा.