फोड सुकले, तरी नागिणीची आग का जात नाही? एका फॉरवर्डला उत्तर

«नागीण झाली तर गोळ्या घेऊ नका. गोळ्यांनी विष आत दाबलं जातं आणि मग महिनोन्‌महिने दुखत राहतं. उतरवून घ्या, लेप लावा, विळखा पूर्ण होऊ देऊ नका. फोड सुकले की आजार संपला. नंतर दुखलंच तर साधी दुखण्याची गोळी पुरे, बाकी मनाचे खेळ. आणि लस कशाला? ज्याला कांजिण्या येऊन गेल्या त्याला काही होत नाही.»

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथे आहे. नागीण होते ती कांजिण्या येऊन गेलेल्यालाच. दोन्हींचा विषाणू एकच, व्हॅरिसेला झोस्टर. लहानपणी कांजिण्यांच्या खपल्या पडल्या तरी तो अंगातून जात नाही. पाठीच्या कण्याला लागून, त्वचेकडच्या संवेदना आणणाऱ्या नसांच्या मुळाशी चेतापेशींचे छोटे छोटे गुच्छ असतात. त्यांत तो चाळीस-पन्नास वर्षं पडून राहतो. त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी वयामुळे, मधुमेहामुळे, स्टेरॉइडमुळे किंवा कॅन्सरच्या उपचारांमुळे ढिल्या पडल्या की एखाद्या गुच्छात तो पुन्हा वाढायला लागतो आणि त्या एकाच नसेतून त्वचेपर्यंत उतरतो. म्हणून फोडांचा पट्टा अंगाच्या एकाच बाजूला असतो आणि छाती-पोटाच्या मधल्या रेषेशी येऊन थांबतो. विळख्याच्या भीतीचं उत्तरही यातच आहे. नसेची हद्द संपते तिथे पट्टा संपतो, मंत्र म्हटला तरी आणि न म्हटला तरी. पट्टा सोडून अंगभर फोड उठले तर मात्र ते प्रतिकारशक्ती फारच खालावल्याचं लक्षण असतं, तेव्हा थेट हॉस्पिटल गाठायचं.

आता क्रम नीट पाहा. पहिला दाह होतो तो त्या गुच्छात, मग नसेत आणि शेवटी त्वचेत. त्यामुळेच फोड दिसायच्या दोन-चार दिवस आधीपासून जळजळ किंवा टोचल्यासारखं दुखणं सुरू होतं. छातीत असेल तर लोक ईसीजी काढून येतात, कमरेत असेल तर मुतखड्याची सोनोग्राफी करून येतात, आणि रिपोर्ट नॉर्मल आल्यावर चौथ्या दिवशी पुरळ दिसतं. म्हणजे आजार आतून बाहेर आलेला असतो. तो बाहेरून आत दाबला जायचा प्रश्नच उरत नाही. हे कळायला आधुनिक मशीनही लागलं नव्हतं. इंग्लंडमध्ये हेन्री हेड आणि कॅम्पबेल यांनी १९०० सालीच नागिणीच्या रुग्णांची शवविच्छेदनं करून या गुच्छांमधला रक्तस्राव आणि दाह नोंदवून ठेवला आहे.

त्या दाहात काही चेतापेशी मरतात. त्वचा तीन-चार आठवड्यांत भरून येते कारण तिच्या पेशी सतत नव्याने तयार होतात. मेलेली चेतापेशी तशी परत येत नाही. पूर ओसरला म्हणून वाहून गेलेला रस्ता जागेवर येत नाही, तसंच हे. आणि रस्ता नुसता तुटून थांबत नाही. उरलेले अर्धवट दुखावलेले तंतू कुणी न छेडताच संदेश सोडायला लागतात, ती सततची आग आणि मधूनच बसणारा विजेचा झटका. शिवाय मज्जारज्जूत जिथे हे संदेश पोचतात तिथली छाननी बिघडते, आणि साधा स्पर्शही वेदना म्हणून वर मेंदूकडे जातो.

«मनाचे खेळ» म्हणणाऱ्यांनी एकदा तपासणी बघावी. पेशंटला डोळे मिटायला सांगून जुन्या डागांवर कापसाचा पुंजका हलकेच फिरवतात. त्याच जागी टाचणी टोचलेली नीट कळत नाही, पण कापूस लागला की माणूस कळवळतो. बधिर आणि हळवं, दोन्ही एकाच जागी. पंख्याचा वारा सहन होत नाही, पदर टोचतो, पुरुष माणूस घरात उघडा बसतो. उलट घट्ट दाब दिला तर पुष्कळांना बरं वाटतं. हे सोंग करून जमण्यासारखं नाही. पुरळ उठल्यापासून तीन महिन्यांनंतरही असं दुखत राहिलं तर डॉक्टर त्याला पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. नागीण झालेल्या शंभरातल्या साधारण दहा ते अठरा जणांच्या वाट्याला ते येतं. चाळिशीच्या आत क्वचित, साठीनंतर बरंच जास्त. पहिल्या आठवड्यात वेदना तीव्र असलेल्यांना, फोड दाट असलेल्यांना आणि कपाळ-डोळ्याच्या भागात नागीण झालेल्यांना धोका अधिक.

गोळ्यांच्या मुद्द्यात मात्र एक निरीक्षण खरं आहे आणि ते झटकून टाकणं बरोबर नाही. गोळ्या घेऊनही काहींचं दुखणं राहतं, हे लोकांनी स्वतः पाहिलेलं असतं. पण ज्यांना त्रास जास्त, वय जास्त, तेच आधी डॉक्टरकडे जातात, आणि दुखणं मागे राहण्याची शक्यताही त्यांनाच जास्त असते. दोष गोळीच्या माथी बसतो. असायक्लोव्हिर (८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा) किंवा व्हॅलासायक्लोव्हिर (१००० मिलिग्रॅम, तीन वेळा), सात दिवस, असा नेहमीचा कोर्स असतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. या गोळ्या विषाणूची वाढ थांबवतात, नवे फोड येणं लवकर थांबतं, सुरुवातीची वेदना कमी दिवस टिकते. पुढचं जुनाट दुखणं त्यांनी नक्की टळतं, असं म्हणण्याइतका पुरावा नाही, आणि जी पेशी आधीच मेली ती गोळीने जिवंत होत नाही. म्हणूनच पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करा असं सांगतात. उशीर झाला तरी नवे फोड येत असतील तर कोर्स देतात. फोड डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर तासांचा हिशोब न करता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, कारण डोळ्याला आणि नाकाच्या शेंड्याला एकाच नसेच्या फांद्या जातात. आणि हो, स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही हे जुनाट दुखणं टळत नाही, तरी काही ठिकाणी त्या त्याच आशेने दिल्या जातात.

लेपाबद्दल थोडक्यात. फोड आपोआप सुकणारच असतात, त्यामुळे उतरवणाऱ्याला यश हमखास. खरं नुकसान हातून गेलेल्या त्या तीन दिवसांचं, आणि माती-चुन्याने फोड पिकले तर वर जखमेचं.

आता दुखण्याच्या गोळीकडे येऊ. समजा, ६८ वर्षांच्या, मधुमेह असलेल्या बाई आहेत. उजव्या छातीखालून पाठीपर्यंत नागीण झाली, आठवडाभर लेप लावला, फोड सुकले. चार महिन्यांनी त्या येतात त्या ब्लाउज ढगळ करून आणि रोजच्या दोन वेदनाशामक गोळ्यांची पट्टी पर्समध्ये घेऊन. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या ऊतींमधल्या दाहावर काम करतात. इथे दाह केव्हाच संपलाय, बिघाड नसेच्या संदेशात आहे. त्यामुळे आराम जवळपास नाही, आणि मधुमेहाने आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांवर मात्र भार. पहिलं काम त्या गोळ्या बंद करणं, दुसरं मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासणं.

मग नसांचे बिघडलेले संदेश शांत करणारं गॅबापेंटिन. रात्री ३०० मिलिग्रॅमने सुरुवात, आणि पेंग-चक्कर कितपत येते ते बघत काही दिवसांच्या अंतराने थोडं थोडं वाढवणं. मूत्रपिंड ठीक असतील तर बहुतेकांना दिवसाला १८०० च्या आसपास पोचावं लागतं. उपचार फसतात ते नेमके इथे. ३०० वर चार दिवस राहून «गुण नाही» म्हणून सोडून दिलं जातं, किंवा पहिल्याच दिवशी मोठा डोस घेऊन बाई रात्री बाथरूमला जाताना पडतात. जोडीला जागा बधिर करणाऱ्या लिडोकेनची पाच टक्क्यांची चिकटपट्टी, दुखऱ्या पण न फुटलेल्या त्वचेवर, चोवीस तासांतले बारा तास. रात्रीची झोप अजिबात नसेल तर अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमही चालतं. ते नैराश्याचं औषध म्हणून प्रसिद्ध आहे. चिठ्ठीवर ते नाव गुगल करून मुलगा विचारतो, «आईला वेड लागलंय का?» तसं नाही, वेदना अडवणाऱ्या चेतामार्गांना ते बळ देतं. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांची तक्रार किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर मात्र ते टाळतात.

अपेक्षा आधीच सांगून ठेवावी लागते. गॅबापेंटिनच्या चाचण्यांत वेदना निम्म्याने तरी कमी झालेले लोक शंभरात साधारण ३२ होते, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १७. म्हणजे औषध काम करतं, पण सगळ्यांवर नाही. योग्य डोसवर चार-सहा आठवडे देऊन दहापैकी आठ असलेली वेदना चारवर आली आणि झोप लागली, तर तो उपचार यशस्वी धरतात. नाही आली तर औषध बदलतात किंवा दोन एकत्र देतात. पुष्कळांचं दुखणं महिन्यागणिक ओसरतं, तेव्हा गोळी एकदम न तोडता हळूहळू उतरवायची. काहींचं वर्षानुवर्षं राहतं, हेही खरं.

म्हणून जोर प्रतिबंधावर. सध्याची लस, शिंग्रिक्स, भारतात २०२३ पासून मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नाही, त्याच्या आवरणावरचं एक प्रथिन आहे आणि प्रतिकारशक्तीला जोरात जागं करणारा एक घटक. पहारा ढिला पडतो तो भाग ती पुन्हा कडक करते. दंडात दोन डोस, दुसरा दोन ते सहा महिन्यांनी. पन्नाशीपुढच्यांच्या मोठ्या चाचणीत तिने नागीण ९७ टक्के टाळली, सत्तरीपुढे सुमारे ९० टक्के, आणि सत्तरीपुढच्यांमधलं हे जुनाट दुखणं ८९ टक्क्यांच्या जवळपास. नागीणच झाली नाही तर मागे दुखणं उरायला नसच दुखावत नाही, एवढी सरळ यंत्रणा आहे. दंड चांगला दुखतो, एक-दोन दिवस कणकण आणि अंगदुखीही येते. घाबरून दुसरा डोस बुडवणारे पुष्कळ असतात, आणि एका डोसवर हे आकडे लागू होत नाहीत. किंमत हीच खरी अडचण. दोन्ही डोस स्वतःच्या खिशातून घ्यायचे आणि ते महाग आहेत, त्यामुळे घरात एकालाच परवडत असेल तर आधी वयस्कर, मधुमेह किंवा स्टेरॉइडवाल्या माणसाचा विचार करणं मला रास्त वाटतं. नागीण एकदा होऊन गेलेल्यांनाही ती देतात, कारण पुन्हा होऊ शकते. फक्त फोड पूर्ण भरून येईपर्यंत थांबतात. वरच्या बाईंनी ती घेतली तर पुढची नागीण टळण्याची शक्यता वाढेल. आत्ताची आग तिने कमी होणार नाही, त्यासाठी रात्रीची गोळी आणि ती लिडोकेनची पट्टीच.